एका युरोचे किती फ्रँक?

वर्तमानपत्राच्या व्यापारी पानावर ‘डॉलर इतक्या रुपयांना’ अशी ओळ तुम्ही पाहिली असेल. नारळाची किंमत आपण रुपयांत सांगतो, तशीच येथे एका नाण्याची किंमत दुसऱ्या नाण्यात सांगितलेली असते. हिला विनिमयदर म्हणतात. जुना मराठी शब्द हुंडणावळीचा दर. नारळाप्रमाणेच घेणारे वाढले की ही किंमत चढते आणि विकणारे वाढले की उतरते. मग एखाद्या देशाने ‘आमच्या नाण्याची किंमत याच्या पलीकडे जाऊ देणार नाही’ असे ठरवले तर? स्वित्झर्लंडने २०११ साली तसे ठरवले होते. त्याचे पुढे काय झाले ते पाहू.

प्रथम दर वाचायला शिकू. बाजारात चलने नेहमी जोडीने येतात, कारण एक नाणे विकत घ्यायचे म्हणजे दुसरे द्यावेच लागते. स्वित्झर्लंडचे नाणे फ्रँक. शेजारच्या बहुतेक देशांचे युरो. व्यापाऱ्यांच्या पडद्यावर ही जोडी EUR/CHF अशी दिसते. यातील CH ही अक्षरे स्वित्झर्लंडच्या लॅटिन नावातून आली आहेत आणि F म्हणजे फ्रँक. जोडीत जे नाणे आधी लिहितात त्याचा एक नग धरायचा आणि त्याची किंमत दुसऱ्या नाण्यात वाचायची. EUR/CHF समोर १.२००० लिहिले असेल, तर एका युरोला १.२० फ्रँक पडतात. हा आकडा उतरला, तर युरो स्वस्त झाला आणि फ्रँक महागला. येथे पुष्कळांची गल्लत होते, म्हणून हे पक्के लक्षात ठेवा.

दर चार दशांश स्थळांपर्यंत का लिहितात? कारण रोजची हालचाल फार बारीक असते. चौथ्या दशांश स्थळातील एका एककाला ‘पिप’ म्हणतात. दर १.२००० वरून १.२००१ झाला, तर तो एक पिप चढला. (जपानच्या येनच्या जोड्यांत मात्र दुसऱ्या दशांश स्थळाला पिप धरतात, कारण येनचे एकक फार लहान आहे.) एका युरोमागे पिप म्हणजे फ्रँकचा दहाहजारावा भाग, अगदीच क्षुल्लक. पण १०,००० युरो घेतले असतील, तर प्रत्येक पिपला बरोबर १ फ्रँक मिळतो किंवा जातो.

आता मूळ गोष्टीकडे वळू. २००७ च्या अखेरीस युरोला १.६० हून अधिक फ्रँक पडत होते. पुढे जगभर बँका अडचणीत आल्या, मग ग्रीससारखे युरो वापरणारे देश कर्जात बुडाले. घाबरलेले लोक आपला पैसा सुरक्षित जागी हलवू लागले. ती जागा म्हणजे स्वित्झर्लंड. युरो विकणारे वाढले, फ्रँक घेणारे वाढले आणि ऑगस्ट २०११ मध्ये युरो जवळजवळ १ फ्रँकपर्यंत घसरला.

नाणे महागले तर बिघडले कुठे? समजा, एका स्विस घड्याळाची किंमत ६०० फ्रँक आहे. दर १.६० असताना जर्मनीतील गिऱ्हाइकाला ते ३७५ युरोंना पडते. दर १.०० झाला की त्याच घड्याळाला ६०० युरो मोजावे लागतात. कारखान्यात काहीही बदललेले नाही, तरी गिऱ्हाईक मागे फिरते. मग कारखानदाराला किंमत तरी कमी करावी लागते, नाहीतर कामगार तरी.

म्हणून ६ सप्टेंबर २०११ रोजी स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने जाहीर केले, की युरोचा दर १.२० च्या खाली जाऊ देणार नाही; त्यासाठी वाटेल तितके परकी चलन विकत घेऊ. यातील मेख समजून घ्या. दर नुसत्या हुकमाने थांबत नाही. जो कोणी युरो विकायला येईल, त्याचे युरो १.२० ला घ्यायला बँकेने उभे राहावे लागते. फ्रँक निर्माण करणे बँकेच्याच हाती असल्यामुळे ते संपण्याची भीती नव्हती. १९९१ साली भारतापुढे उलटे संकट होते. रुपयाची किंमत टिकवायची तर डॉलर विकावे लागतात, आणि डॉलर आपण निर्माण करू शकत नाही. गंगाजळी आटत आली आणि त्या वर्षी जुलैत रुपयाचे अवमूल्यन करावे लागले.

स्विस बँकेची अडचण वेगळी होती. फ्रँक संपत नव्हते, पण परकी चलनाचा ढीग वाढत होता. २०१४ च्या अखेरीस तो सुमारे ५०० अब्ज फ्रँकचा झाला. युरोचा भाव पडला, की या ढिगाचेही मोल पडणार. त्यातच युरोपची मध्यवर्ती बँक नवे युरो निर्माण करून कर्जरोखे विकत घेणार, अशी चिन्हे दिसू लागली. जी वस्तू मुबलक होणार, तिची किंमत उतरणार. म्हणून युरो विकणाऱ्यांची रांग आणखी लांबली. दर कित्येक दिवस १.२० च्या वर जेमतेम दहावीस पिपांवर चिकटून होता. वरवर पाहता बाजार शांत होता, पण हा चिकटलेला आकडाच दाब किती आहे हे सांगत होता.

१५ जानेवारी २०१५ रोजी सकाळी साडेदहाला, म्हणजे आपल्याकडे दुपारी तीनला, बँकेने ही मर्यादा उठवली. लोकांनी फ्रँक घेऊ नयेत म्हणून तिने व्याजदरही शून्याखाली पाऊण टक्का नेला. म्हणजे मोठ्या ठेवींवर व्याज मिळण्याऐवजी द्यावे लागणार. एरवी व्याज घटले की नाण्याची मागणी घटते. त्या दिवशी या उपायाचा उपयोग झाला नाही. काही मिनिटांतच युरो ०.९० फ्रँकच्याही खाली कोसळला आणि दिवसअखेर १ फ्रँकच्या आसपास आला.

यात सर्वांत जास्त पोळले ते उसनवारीने व्यवहार करणारे. समजा, एकाने फक्त ५०० युरो अनामत ठेवून १०,००० युरो १.२०१० ला घेतले. ‘दर १.१९९० ला आला तर विकून टाका’ अशी सूचनाही त्याने देऊन ठेवली. हिशेबाने जास्तीत जास्त २० पिप, म्हणजे २० फ्रँक जायचे. पण १.१९९० ला घेणारा कोणी उरलाच नव्हता. समजा, पहिला घेणारा १.०२०० ला भेटला. तोटा १,८१० पिप, म्हणजे १,८१० फ्रँक! त्याची अनामत या दराने ५१० फ्रँकची. ती जाऊन वर १,३०० फ्रँकचे देणे डोक्यावर आले. ग्राहकांकडून असे पैसे वसूल न झाल्यामुळे काही दलाल पेढ्याही बुडाल्या. विक्रीची सूचना किंमत ठरवू शकते, गिऱ्हाईक निर्माण करू शकत नाही.

आता एक गणित तुमच्यासाठी. युरो १.२० वरून १.०० फ्रँकवर आला, तेव्हा युरो किती टक्क्यांनी उतरला आणि फ्रँक किती टक्क्यांनी चढला? दोन्ही उत्तरे सारखी येणार नाहीत. ती का येत नाहीत, हे तुमच्या शिक्षकांसमोर फळ्यावर मांडून दाखवा.