ठ, ढ, थ आणि ण : भेंड्यांतील अवघड अक्षरांची गाणी

दिवाळीला घर भरले की रात्रीच्या जेवणानंतर गाण्याच्या भेंड्या सुरू होतात. एका पक्षाच्या गाण्याचे ध्रुपद, म्हणजे कडव्यांनंतर पुन्हा पुन्हा येणारा आरंभीचा चरण, ज्या अक्षरावर संपते त्याच अक्षराने दुसऱ्या पक्षाने गाणे सुरू करायचे आणि ते न सुचल्यास त्या पक्षावर भेंडी चढते, हा खेळाचा मूळ नियम सर्वांना ठाऊक असतो. त्यातील काही अक्षरेच नेमकी का अडवतात, याचे उत्तर मात्र मराठी गाण्यांच्या सुरुवातींमध्ये सापडते.

भावगीत बहुधा सर्वनामाने, संबोधनाने किंवा काळवाचक शब्दाने उघडते. तू, मी, या, आज, कधी, सखी अशा शब्दांमुळे त, म, य, अ, क, स या अक्षरांची गाणी विपुल आहेत. ठ, ढ, थ यांनी सुरू होणारे मराठी शब्द मात्र प्रामुख्याने ठेवणे, ढकलणे, थांबणे यांसारखी घरगुती क्रियापदे किंवा ठणठण, ढमढम, थुईथुई यांसारखे नादानुकारी, म्हणजे आवाजाची वा हालचालीची नक्कल करणारे शब्द असतात. त्यामुळे या अक्षरांची गाणी भावगीतांत शोधण्यापेक्षा बोलीच्या जवळ राहिलेल्या अभंग, लोकगीत, लावणी आणि बालगीत या प्रकारांत शोधणे फलदायी ठरते.

ठ या अक्षरासाठी तुकारामांचा ‘ठेविले अनंते’ हा अभंग सर्वात भरवशाचा आहे, कारण तो घरातील वडीलधाऱ्यांना पाठ असतो आणि त्याचे ध्रुपद न या सोप्या अक्षरावर संपत असल्याने खेळ अडत नाही. ढ आल्यास दादा कोंडके यांच्या चित्रपटातील ‘ढगाला लागली कळ’ हे गाणे बहुतेकांना आठवते; ट साठी ‘टाळ बोले चिपळीला’ आहे. छ साठी ‘श्यामची आई’ (१९५३) मधील आचार्य अत्रे यांचे ‘छडी लागे छम छम’ मुलांना, तर ‘पिंजरा’ (१९७२) मधील जगदीश खेबुडकर यांची ‘छबीदार छबी’ ही लावणी मोठ्यांना हाताशी असते. ज्ञ या जोडाक्षरावर अडल्यास तुकारामांचाच ‘ज्ञानियांचा राजा’ हा अभंग उपयोगी पडतो.

थ हे अक्षर सर्वात फसवे आहे, कारण येथे स्मरणशक्तीच चकवते. ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) या चित्रपटातील ग. दि. माडगूळकर यांचे गीत अनेकांच्या मनात ‘थकले रे नंदलाला’ या नावाने राहिलेले असते, परंतु ते ‘नाच नाचुनी’ या शब्दांनी सुरू होते. म्हणून ते न चे गाणे ठरते, थ चे नव्हे. हिंदी गाणी चालतील असे आधी ठरले असेल तर ‘खट्टा मीठा’ (१९७८) मधील ‘थोड़ा है’ हे गाणे अशा वेळी सुटका करते. ठ साठी ‘नौजवान’ (१९५१) मधील ‘ठंडी हवाएँ’ आणि ढ साठी ‘हमजोली’ (१९७०) मधील ‘ढल गया दिन’ हीही त्याच जातीची आहेत.

गाणे कोठे थांबवायचे यावरही वाद होतात. भा. रा. तांबे यांच्या ‘डोळे हे जुलमी गडे’ या ड च्या गाण्यात ‘गडे’ वर श्वास घेऊन थांबल्यास प्रतिपक्षाला पुन्हा ड च मिळतो, तर संपूर्ण ओळ म्हटल्यास क मिळतो. अर्ध्या ओळीवर थांबण्याची मुभा दिली तर चतुर गायक अवघड अक्षर हवे तितक्या वेळा परत करू शकतो, म्हणून ध्रुपदाची ओळ पूर्ण म्हणण्याचे बंधन खेळाच्या आरंभीच मान्य करून घ्यावे लागते.

ळ आणि ण यांचा प्रश्न वेगळा आहे. वेळ, काळ, आभाळ किंवा क्षण, श्रावण असे शब्द ओळीच्या शेवटी सहज येतात, पण मराठीत या अक्षरांनी शब्द सुरू होत नाही. त्यामुळे ळ बद्दल ल आणि ण बद्दल न घेण्याची रूढी पडली आहे. ‘ढगाला लागली कळ’ चे ध्रुपदही ळ वरच संपते, म्हणून ढ ची अडचण सोडवणारा पक्ष त्या गाण्यानंतर प्रतिपक्षाला व्यवहारात ल देतो. ण ला एक सुंदर अपवाद मात्र आहे : प्राकृत भाषेत शब्दाच्या आरंभी ण येऊ शकतो आणि जैनांचा णमोकार मंत्र त्याच अक्षराने सुरू होतो, म्हणून सांगली-कोल्हापूरकडील मराठी जैन घरात ण आला आणि कोणी तो मंत्र म्हटला, तर त्या अक्षराचे ते अस्सल उत्तर मानावे लागेल.