लॉट ज्याला लागतो, त्याचाच अंदाज का चुकतो?

जालना एमआयडीसीत इंडक्शन फर्नेसमध्ये भंगार आणि स्पंज आयर्न वितळवून बिलेट ओततात आणि रोलिंग मिलमध्ये त्याची सळई काढतात. या भंगाराचा काही भाग लिलावातून येतो. रेल्वे, वीज कंपन्या, अवसायनात निघालेले कारखाने आपला जुना माल विकायला काढतात आणि असे बरेच लिलाव आता एमएसटीसीसारख्या सरकारी कंपनीच्या पोर्टलवर ऑनलाइन होतात. माल 'जसा आहे, जिथे आहे' या अटीवर मिळतो. एकदा पैसे भरले की माल कमी निघाला, खराब निघाला अशी तक्रार चालत नाही.

यातले काही लिलाव टनाच्या भावाने होतात, म्हणजे काट्यावर जेवढं वजन भरेल तेवढेच पैसे द्यायचे. काहींत मात्र सगळा लॉट एकरकमी विकतात. शेड, टाक्या, पाइप, मोटारी, केबल, जे काही आवारात पडलं आहे ते सगळं एका किमतीत. खरेदीदारांना एक-दोन दिवस माल पाहू देतात आणि जो तो आपला अंदाज बांधतो. एकरकमी लॉट घेणाऱ्यांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते: 'जो लॉट सुटला तो चांगला होता, जो लागला त्यात वजन भरलं नाही.' लोक याचं खापर नशिबावर फोडतात किंवा माल पाहून आलेल्या माणसावर. पण यामागे साधं गणित आहे. अर्थशास्त्रात त्याला विजेत्याचा शाप म्हणतात. त्याविषयीचे गैरसमज मोडायचे तर एक लॉट उलगडून पाहावा लागेल. त्यातले आकडे समजुतीसाठी घेतले आहेत.

समजा, एका बंद पडलेल्या साखर कारखान्याची जुनी यंत्रसामग्री एकरकमी विकायची आहे. फर्नेसपोच भाव टनाला ३४ हजार रुपये. गॅसकटरने कापणं, हायड्राने उचलणं आणि ट्रकचं भाडं धरून टनामागे ४ हजार खर्च, म्हणजे हातात ३० हजार. लॉटमध्ये खरोखर १८० टन लोखंड आहे, त्याचे ५४ लाख झाले. मोटारी आणि केबलमधल्या तांब्याचे आणखी ६ लाख. एकूण ६० लाख. हा आकडा आज कुणालाच माहीत नाही. पण माल कुणीही घेतला तरी तो त्याच भावाने वितळणार आहे, त्यामुळे त्याची खरी किंमत सगळ्यांना सारखीच आहे. फरक आहे तो फक्त अंदाजात.

पाच जण माल पाहून आले. त्यांचे अंदाज ५२, ५६, ६०, ६४ आणि ६८ लाख. सगळे जाणकार आहेत. पाचही आकड्यांची सरासरी काढली तर बरोबर ६० येते.

गैरसमज: अंदाज प्रामाणिक असेल आणि सरासरीने बरोबर येत असेल, तर त्या किमतीला माल घेण्यात धोका नाही.

प्रत्येकाने आपापल्या अंदाजाएवढी बोली लिफाफ्यात टाकली, तर लॉट ६८ वाल्याला जातो आणि त्याचे ८ लाख बुडतात. पाचांची सरासरी बरोबर असली तरी लॉट सरासरीला लागत नाही, सर्वांत मोठ्या अंदाजाला लागतो. आणि सर्वांत मोठा अंदाज बहुतेक वेळा खऱ्या किमतीच्या वर असतो. लिलाव एका अर्थाने चाळणी लावतो. ज्या वेळी आपण मालाला जास्त किंमत धरतो, नेमक्या त्याच वेळी तो माल आपल्याला मिळतो. कमी धरलेले लॉट दुसऱ्याकडे जातात आणि ती चूक आपल्याला कधी कळतही नाही.

६८ वाल्याचं कुठे चुकलं असेल? मळीची टाकी घ्या. १० मीटर व्यास, १० मीटर उंची, म्हणजे भिंतीचा पत्रा साधारण ३१४ चौरस मीटर. त्याने खाली, हात पोहोचतो तिथे जाडी मोजली, ती भरली १० मिलिमीटर. एक चौरस मीटर पत्र्याचं वजन दर मिलिमीटरला ७.८५ किलो, त्या हिशेबाने साडेचोवीस टन झाले. पण अशा टाक्यांना वर जाताना पातळ पत्रा वापरतात, कारण वर द्रवाचा दाब कमी असतो. सरासरी जाडी ७ मिलिमीटर निघाली तर वजन सतरा टनांच्या आसपासच भरतं. एका टाकीत सव्वादोन लाखांचा फरक. त्यात आतून वाइंडिंग आधीच काढलेल्या मोटारी आणि पायाच्या काँक्रीटमध्ये अडकलेले खांब धरले की ८ लाख जमायला वेळ लागत नाही. यातली कुठलीही चूक मूर्खपणाची नाही. उरलेल्या चौघांनीही अशाच चुका केल्या असतील, पण काहींच्या चुका उलट्या दिशेच्या होत्या म्हणून त्यांना लॉट लागला नाही. म्हणूनच माल पाहून आलेल्या माणसाला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. चूक अंदाज बांधण्यात कमी आणि त्या अंदाजालाच बोली करण्यात जास्त आहे.

मॅक्स बेझरमन आणि विल्यम सॅम्युएलसन यांनी १९८३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. बोस्टनमधल्या एमबीएच्या विद्यार्थ्यांपुढे नाण्यांनी किंवा तशा वस्तूंनी भरलेल्या बरण्या ठेवून त्यांचे लिलाव केले. प्रत्येक बरणीची किंमत ८ डॉलर होती. विद्यार्थ्यांचा सरासरी अंदाज ५.१३ डॉलर होता, म्हणजे बराच कमी. तरीही जिंकणारी बोली सरासरी १०.०१ डॉलर निघाली. सगळे मिळून कमी धरत असतानाही जिंकणाऱ्याला तोटाच झाला.

गैरसमज: बोली लावणारे वाढले, की आपणही वर जावं.

नेमकं उलट आहे. वरच्या लॉटमध्ये प्रत्येकाचा अंदाज खऱ्या किमतीपासून १२ लाख वर किंवा १२ लाख खाली, मधे कुठेही सारख्याच शक्यतेने येऊ शकतो असं धरा. दोनच जण असतील तर त्यातला मोठा अंदाज खऱ्या किमतीपेक्षा सरासरी ४ लाखांनी वर असतो. तिघे असतील तर ६ लाखांनी, पाच असतील तर ८, अकरा असतील तर १० लाखांनी. नुसता तोटा टाळायचा असेल तरी पाच जणांत आपल्या अंदाजातून ८ लाख आणि अकरा जणांत १० लाख कापून बोली लावावी लागते.

नफा हवा तर त्याहून जास्त. सगळेच हा हिशेब जाणणारे असतील तेव्हा कुणालाही आपली बोली बदलून फायदा उरत नाही, असा स्थिर मुक्काम या उदाहरणात येतो तो प्रत्येकाने पूर्ण १२ लाख कापल्यावर. मग बोली होतात ४०, ४४, ४८, ५२ आणि ५६. लॉट पुन्हा त्याच माणसाला लागतो, पण ५६ लाखांत, आणि त्याच्या हाती ४ लाख उरतात. बोली कापली तर लॉट कधी लागणारच नाही, ही भीती इथे फोल ठरते. सगळ्यांनी सारखंच कापलं तर क्रम बदलत नाही.

हो, बाकीच्यांनी कापलंच नाही तर लॉट आपल्या हातून जाईल. पण त्या चौघांत ६४ लाखांची बोली देणारा कुणी असेल, तर ६० लाखांचा माल त्याच्याकडेच गेलेला बरा. फर्नेस चालू ठेवायची म्हणून असा माल घेण्यापेक्षा बाजारातून ठरल्या भावाने उचललेला स्वस्त पडतो.

गैरसमज: खुल्या बोलीत दुसरा माणूस माझ्या मागे थोड्याच रुपयांवर थांबला, म्हणजे माझा भाव रास्त होता.

ऑनलाइन खुल्या लिलावात हे फार पटणारं वाटतं, कारण स्क्रीनवर पुढची बोली दिसत असते. आपल्या पाच जणांपैकी प्रत्येक जण स्वतःच्या अंदाजापर्यंत चढत राहिला, तर ६४ वाला थांबतो आणि लॉट ६४ लाखांच्या जरा वर सुटतो. लिफाफ्यातल्या ६८ पेक्षा हे बरं, पण तोटा ४ लाखांचा होतोच. दुसऱ्या क्रमांकाचा अंदाजही सरासरीच्या वरचाच असतो. बोली लावणारे दिसत असतील अशा खुल्या लिलावात उपयोगाची खूण निराळी आहे: कोण कुठे गळालं. लिलाव ५२ वर आला आणि एक जण थांबला, ५६ वर दुसरा थांबला, तर त्यांनी आपापलं मत सांगून टाकलेलं असतं. ते ऐकून आपली कमाल बोली खाली आणायची असते. घाईत बहुतेक जण ती वर नेतात.

गैरसमज: कापून बोली लावणं म्हणजे संगनमत.

रिंग करून आपसांत भाव ठरवणं हा २००२ च्या स्पर्धा कायद्याखाली फौजदारी गुन्हा नसला, तरी दंड होणारा गैरव्यवहार आहे. कापून बोली लावताना मात्र कुणाशी बोलावं लागत नाही, प्रत्येक जण आपल्या खोलीत बसून तो हिशेब करतो. अटलांटिक रिचफिल्ड या तेल कंपनीच्या केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तीन अभियंत्यांनी १९७१ मध्ये मेक्सिकोच्या आखातातल्या तेलाच्या पट्ट्यांच्या लिलावांत हाच शाप दाखवून अंदाजापेक्षा कमी बोली लावायला सांगितलं होतं. पुढे या विषयाचं गणित बांधणारे रॉबर्ट विल्सन आणि पॉल मिलग्रॉम यांना २०२० चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

हा हिशेब सगळीकडे मात्र लावता येत नाही. आपल्या कारखान्याच्या भिंतीला लागून असलेला प्लॉट आपल्याला ज्या किमतीचा आहे त्या किमतीचा शेजाऱ्याला नसतो. तिथे आपली गरज आपल्याला ठाऊक असते, त्यामुळे हा शापही जवळपास नसतो. टनाच्या भावाने विकलेल्या भंगारात वजनाची चूक काट्यावरच मिटते, उरते ती फक्त मालाच्या प्रतीची आणि पुढच्या बाजारभावाची.

आपल्याला हा शाप लागतो आहे का, हे वहीत दिसतं. लागलेल्या प्रत्येक लॉटपुढे आपला अंदाज, काट्यावर भरलेलं वजन आणि बोली लावणारे किती होते हे लिहा. वीसेक लॉटनंतर वजन सातत्याने अंदाजाच्या खाली दिसलं आणि जास्त गर्दीच्या लॉटमध्ये तूट मोठी दिसली, तर शाप लागतो आहे, आणि तूट आपल्या कपातीहून मोठी असेल तर कपात कमी पडते आहे.

विकणाऱ्यासाठीही यात हिशेब आहे. खरेदीदार कापतो ते अंधारापोटी. कारखान्याने टाक्यांचे जुने नकाशे, पत्र्याची जाडी आणि मोटारींची यादी आधीच दिली आणि अंदाजातला फरक १२ लाखांवरून ३ लाखांवर आला, तर कपातही ३ लाखांवर येते. तेव्हा तोच लॉट, त्याच पाच जणांत, सरासरी ५६ ऐवजी ५९ लाखांना सुटतो.