अडलेल्या कामाचा धनी कोण?

१ मार्च २०२१ पासून विजया बँक आणि देना बँकेचे जुने आयएफएससी चालेनासे झाले. दोन्ही बँका १ एप्रिल २०१९ रोजीच बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या होत्या. खातेदारांना नवे कोड मिळाले होते, शाखांवरच्या पाट्याही बदलल्या होत्या. पण BKDN किंवा VIJB या अक्षरांनी सुरू होणारे जुने कोड कित्येक संस्थांच्या संगणकात तसेच पडून होते. असा कोड टाकून पैसे पाठवायला गेले तर ते जात नाहीत, आणि पन्नास वेळा प्रयत्न केला तरी जाणार नाहीत. तिथे कोणीतरी माणसाने उत्पादकाला फोन करून पासबुक मागवायला हवे. प्रश्न असा की रात्री दोन वाजता आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामने ही गोष्ट त्या माणसापर्यंत पोचवायची कशी?

समजा, एक दूध संघ दर दहा दिवसांनी ३,२०० उत्पादकांच्या खात्यात दुधाचे बिल जमा करतो. पूर्वी हे काम लेखा विभागातले तिघे दोन दिवस करत. आता प्रत्येक उत्पादकामागे एक काम तयार होते, ती सारी कामे एका रांगेत लागतात आणि प्रोग्राम एकेक काम उचलून बँकेकडे धाडतो. बहुतेक बिले पहाटेपर्यंत भागतात. उरतात ती अडलेली कामे. त्यांच्यासाठी संगणकवाले एक वेगळी रांग ठेवतात, तिला डेड लेटर क्यू म्हणतात. टपाल खात्यातही पत्ता न लागलेल्या पत्रांसाठी असेच वेगळे कार्यालय असे. १८९८ च्या टपाल कायद्याने तिथल्या नेमलेल्या अधिकाऱ्याला, गुप्ततेच्या बंधनाखाली, पाठवणाऱ्याचा पत्ता शोधण्यापुरते पत्र उघडण्याची मुभा दिली होती. म्हणजे अडलेल्या पत्राला नुसती खोली नव्हती, त्याच्यासाठी नेमलेला माणूस आणि त्या माणसाला अधिकारही होता. संगणकातल्या रांगेत नेमकी हीच बाजू बहुधा राहून जाते.

आधी यंत्रणा कशी चालते ते पाहू. अ‍ॅमेझॉनची एसक्यूएस ही अशा रांगांसाठी सर्रास वापरली जाणारी सेवा आहे. प्रोग्रामने रांगेतले काम उचलले की ते लगेच पुसले जात नाही, फक्त काही काळ इतरांच्या नजरेआड होते. हा काळ आपण बदलला नाही तर ३० सेकंदांचा असतो. पैसे गेले की प्रोग्राम ते काम रांगेतून स्वतः पुसतो. तो मध्येच बंद पडला किंवा बँकेकडून नकार आला तर काम पुसले जात नाही आणि मुदत संपताच पुन्हा रांगेत दिसू लागते. दर उचलीगणिक त्याचा आकडा एकाने वाढतो. ठरवलेली मर्यादा ओलांडली की सेवा ते काम स्वतःहून डेड लेटर क्यूत हलवते. त्यासाठीची सूचना एवढीच असते:

```json
{
  "deadLetterTargetArn": "arn:aws:sqs:ap-south-1:111122223333:doodh-bill-dlq",
  "maxReceiveCount": 5
}
```

इथे पाच उचली माफ आहेत, त्यानंतर काम बाजूला काढले जाईल. ही मर्यादा घातली नाही तर बिघडलेले काम मुदत संपेपर्यंत फिरत राहते आणि दर फेरीला बँकेचे दार ठोठावते.

पण सगळी अपयशे एका जातीची नसतात. बँकेचा सर्व्हर दहा मिनिटे बंद असेल तर थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करणे बरोबर, कारण अडथळा आपोआप दूर होणार आहे. कोडच रद्द झाला असेल तर पुन्हा प्रयत्न करण्यात काही अर्थ नाही. आपल्या दूध संघात असे ४१ उत्पादक निघाले तर पाचपाच वेळा मिळून २०५ फेऱ्या वाया जातील. म्हणून जाणता प्रोग्रामर बँकेचे उत्तर वाचतो आणि ‘कोड चुकीचा’ असा नकार आला की ते काम पहिल्याच फटक्यात डेड लेटर क्यूत टाकतो. तिसरी जात सर्वांत धोक्याची. पैसे पाठवण्याची विनंती गेली, पण उत्तर यायच्या आत जोडणी तुटली. पैसे गेले की नाही, कोणालाच ठाऊक नाही. इथे डोळे मिटून पुन्हा पाठवले तर एकाच बिलाचे पैसे दोनदा जाऊ शकतात. म्हणून प्रत्येक बिलाला आधीच एक कायमचा क्रमांक देतात आणि दर प्रयत्नाला तोच पाठवतात, म्हणजे बँकेची यंत्रणा तो ओळखत असेल तर दुसरी विनंती नाकारू शकते. एवढे करूनही शंका उरली तर ते काम ‘स्थिती अनिश्चित’ असा शेरा मारून माणसाकडे जायला हवे, आणि त्या माणसाने बँकेचा उतारा पाहिल्याशिवाय पुन्हा पैसे पाठवू नयेत.

आता काम डेड लेटर क्यूत पोचले. इथवर बहुतेक ठिकाणी सारे नीट जमते. घोटाळा होतो तो इथून पुढे. त्या रांगेत पडलेले काम म्हणजे संगणकाच्या भाषेतल्या चार ओळी. ते का अडले हे एसक्यूएस लिहून ठेवत नाही. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिस बसमध्ये कारणासाठी वेगळी जागा असते, रॅबिटएमक्यूही काम कुठून आणि कशामुळे बाजूला निघाले याची नोंद जोडतो. तरी ‘फार वेळा प्रयत्न झाले’ एवढ्याने लेखा विभागातल्या कारकुनाचे काय भागणार? त्याला कारण त्याच्या भाषेत हवे असते. म्हणून प्रोग्रामनेच दर अपयशाला बँकेचे उत्तर टिपून ठेवावे आणि दुसऱ्या एका छोट्या प्रोग्रामने या रांगेतून वाचून कारकुनाच्या पडद्यावर नोंद तयार करावी: उत्पादक क्रमांक, गाव, रक्कम, कोणत्या दहा दिवसांचे बिल, बँक काय म्हणाली, किती प्रयत्न झाले. खाली तीनच वाटा असाव्यात. माहिती दुरुस्त करून पुन्हा पाठवा, पैसे दुसऱ्या मार्गाने दिल्याची नोंद करा, किंवा कारण लिहून काम रद्द करा. खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडेच दाखवावेत, कारण ही नोंद अनेकांच्या नजरेखालून जाते.

दुरुस्तीची वाट आखताना एक बारकावा नडतो. कारकुनाने गावच्या दूध संस्थेच्या सचिवाला फोन केला, नवा कोड मिळवला आणि तो उत्पादकाच्या खातेवहीत भरला. मग अडलेले काम मूळ रांगेत परत धाडले. एसक्यूएसमध्ये ही सोय आहे, पण परत धाडताना कामातला मजकूर बदलता येत नाही. पहिल्यांदा रांगेत लावताना प्रोग्रामरने कामाच्या आतच जुना कोड लिहून ठेवला असेल, तर खातेवही दुरुस्त होऊनही काम पुन्हा जुनाच कोड घेऊन जाईल आणि पुन्हा अडेल. यावर उपाय असा की कामात फक्त उत्पादक क्रमांक, बिल क्रमांक आणि ठरलेली रक्कम असावी. खाते आणि कोड ऐन वेळी खातेवहीतून वाचावेत. रक्कम मात्र गोठवलेलीच बरी, नाहीतर मधल्या काळात दुधाचा दर बदलला की जुने बिल नव्या दराने जायचे.

दुसरा घोटाळा मुदतीचा. एसक्यूएसमधले काम आपण वेगळे काही सांगितले नाही तर ४ दिवस टिकते, जास्तीत जास्त १४. साध्या प्रकारच्या रांगेत ही मुदत मूळ रांगेत काम लागले त्या क्षणापासून मोजली जाते, डेड लेटर क्यूत आल्यापासून नव्हे. दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी रात्री बिले लागली. बँकेची यंत्रणा अधूनमधून बंद, म्हणून प्रयत्नांमधले अंतर वाढवत नेले आणि पाच प्रयत्न संपून काम रविवारी रात्री बाजूला निघाले. दोन्ही रांगांची मुदत ४ दिवस. कारकून सुट्टी संपवून बुधवारी सकाळी येतो, तर काम मंगळवारी रात्रीच पुसले गेलेले असते. कुठे चूक दिसत नाही, कुठे इशारा नाही, आणि रांग अगदी स्वच्छ. उत्पादक विचारायला येतो तेव्हाच ते उघडकीस येते. म्हणून डेड लेटर क्यूची मुदत मूळ रांगेपेक्षा जास्त, शक्यतो पूर्ण १४ दिवस ठेवावी. आणि आलेले प्रत्येक काम लगेच संघाच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये उतरवून घ्यावे, जिथून ते माणसाने निकाल दिल्याशिवाय हलणार नाही.

तिसरा घोटाळा धोक्याच्या घंटेचा. रांगेत काही आले की संदेश यावा म्हणून बरेच जण NumberOfMessagesSent या मोजणीवर घंटा लावतात. चाचणी घेताना हाताने एक काम डेड लेटर क्यूत टाकतात, घंटा वाजते आणि सगळे समाधानाने घरी जातात. पण प्रयत्न संपल्यामुळे सेवेने स्वतः हलवलेली कामे या मोजणीत धरलीच जात नाहीत. म्हणजे चाचणीत वाजलेली घंटा खऱ्या वेळी गप्प राहते. घंटा लावावी ती ApproximateNumberOfMessagesVisible वर, म्हणजे या क्षणी रांगेत किती कामे दिसत आहेत त्यावर. आणि तिची परीक्षा हाताने काम टाकून न करता मुद्दाम चुकीचा कोड असलेले एक चाचणीचे काम मूळ रांगेतून पाठवून करावी.

घंटा कोणाकडे वाजावी हे आकड्यावर ठरते. सकाळी ४१ कामे अडली आणि कारणे खात्यांची असली तर तो कारकुनाचा विषय. एका रात्रीत ९०० अडली तर त्यात ९०० उत्पादकांची चूक नसते. बँकेची जोडणी तुटलेली असते किंवा आदल्या दिवशी प्रोग्राममध्ये केलेला बदल फसलेला असतो. तेव्हा कारकुनाच्या पडद्यावर ९०० नोंदी ओतण्यात अर्थ नाही. बिल पाठवणे थांबवून प्रोग्रामरला उठवावे. बिघाड दुरुस्त झाल्यावरही सगळी कामे एकदम परत धाडू नयेत. आधी पाच-दहा पाठवून ती भागतात का ते पाहावे, मग बाकीची. आणि ‘स्थिती अनिश्चित’ शेऱ्याची कामे या घाऊक परतीतून वगळावीत.

एक मर्यादाही आहे. ही रांग फक्त अडलेले काम पकडते, चुकीच्या रीतीने पार पडलेले काम नाही. पैसे भलत्याच चालू खात्यात जमा झाले तर यंत्रणेच्या लेखी ते यशच. एनईएफटीत लाभार्थीच्या बँकेला पैसे जमा करता आले नाहीत तर ते नंतर परत येतात. तोवर आपल्या प्रोग्रामने ‘झाले’ असे नोंदवून काम पुसून टाकलेले असते. म्हणून रोज बँकेचा उतारा आणि भागलेल्या बिलांची यादी ताडून पाहणे सुटत नाही, आणि परत आलेल्या रकमाही त्याच कारकुनाच्या पडद्यावर यायला हव्यात.

तुमच्या संस्थेत, बँकेत किंवा कार्यालयात असे आपोआप चालणारे काही असेल तर तिथल्या जबाबदार माणसाला तीन गोष्टी विचारा. अडलेली कामे कोणाच्या नावावर जातात? ती किती दिवस टिकतात? आणि सर्वांत जुने अडलेले काम आज किती दिवसांचे आहे? तिसऱ्या प्रश्नाचा आकडा चटकन सांगता आला नाही, तर ती रांग कोणी पाहत नाही असे खुशाल समजा.