विश्लेषण : चाळीस पत्रिकांवरून ज्योतिषाची परीक्षा होऊ शकते का?

पुण्यात २००८ मध्ये झालेल्या एका चाचणीचा उल्लेख आजही फलज्योतिषावरच्या वादात हमखास येतो. ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातील संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि एकेकाळी स्वतः ज्योतिष पाहणारे, पुढे त्याचे चिकित्सक झालेले प्रकाश घाटपांडे या चौघांनी ती घेतली. तिचे निष्कर्ष मार्च २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाले. समर्थक म्हणतात, ‘ज्योतिषी नापास झाले.’ विरोधक म्हणतात, ‘चाळीस पत्रिकांवरून शास्त्र खोटे ठरते का?’ दुसरा प्रश्न अनेकदा हसण्यावारी नेला जातो. वास्तविक संख्याशास्त्राच्या दृष्टीने तोच अधिक चांगला प्रश्न आहे. फक्त त्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात देता येत नाही.

चाचणी नेमकी काय होती?

कार्यकर्त्यांनी २०० मुलांचे जन्मतपशील गोळा केले. त्यातली १०० मुले शाळेतील हुशार विद्यार्थी होती आणि १०० बौद्धिक अक्षमता असलेली. त्या तपशिलांवरून पत्रिका तयार झाल्या. कोणती पत्रिका कोणाची, ही नोंद विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात जपून ठेवली गेली. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला त्या दोनशेंतून यादृच्छिकपणे, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढाव्यात तशा, ४० पत्रिका दिल्या. प्रत्येक पत्रिका पाहून ‘हुशार’ की ‘अक्षम’ एवढेच सांगायचे होते. ५१ ज्योतिषांनी तयारी दाखवली, प्रत्यक्षात उत्तरे पाठवली २७ जणांनी. सर्वांत वरचा क्रमांक ४० पैकी २४ बरोबर उत्तरांचा होता. सगळ्यांची सरासरी निम्म्याहूनही कमी आली. याशिवाय एका ज्योतिष संस्थेने सर्व २०० पत्रिका तपासल्या. तिची १०२ उत्तरे बरोबर आली.

डोळे मिटून नाणे उडवले तरी ४० पैकी सरासरी २० उत्तरे बरोबर येतात. दरवेळी मात्र बरोबर वीस येत नाहीत. कधी १७, कधी २३. त्यामुळे ‘विसाच्या वर किती गेल्यावर दखल घ्यायची’ ही रेषा आधी आखावी लागते. नुसत्या नशिबाने ४० पैकी २६ किंवा त्याहून जास्त उत्तरे बरोबर येण्याची शक्यता सुमारे ४ टक्के आहे. संशोधनात रूढ असलेली ५ टक्क्यांची मर्यादा धरली, तर २६ ही पासाची रेषा ठरते.

मग ‘पॉवर’ म्हणजे काय?

पासाची रेषा आपल्याला नशिबाने फसण्यापासून वाचवते. पण उलट बाजूनेही फसगत होऊ शकते. समजा, एखाद्या ज्योतिषाकडे खरोखरच काही कसब आहे. तरीही त्याला २६ गाठता येतील का? कसब असेल तर ते चाचणीत दिसून येण्याची जी शक्यता, तिला संख्याशास्त्रात चाचणीची पॉवर किंवा सामर्थ्य म्हणतात. संशोधनात साधारणपणे ८० टक्के सामर्थ्य पुरेसे मानले जाते. म्हणजे खरा परिणाम असेल तर पाचपैकी चार वेळा तो सापडला पाहिजे.

अडचण अशी की, हा आकडा काढण्यासाठी कसब ‘किती’ आहे हे आधी गृहीत धरावे लागते. सगळी मेख तिथेच आहे. ज्याला १०० पैकी ९० पत्रिका ओळखता येतात, त्याला पकडायला ४० पत्रिका भरपूर झाल्या. तो २६ची रेषा चुकवणे जवळजवळ अशक्य. ७० टक्के ओळखणारा असेल, तर तो २६ गाठण्याची शक्यता सुमारे ८० टक्के येते. म्हणजे ४० हा आकडा ७० टक्क्यांच्या दाव्यासाठी मापात बसवल्यासारखा आहे. पण कसब ६० टक्क्यांचेच असेल तर? अशा माणसाची सरासरी २४ येईल आणि २६ गाठण्याची शक्यता तीनात एक, त्याहूनही थोडी कमीच. तीनपैकी दोन वेळा खरे कसब असूनही तो ‘नापास’ ठरेल.

६० टक्क्यांचे कसब ८० टक्के खात्रीने शोधायचे, तर एका माणसाला ४० नव्हे, साधारण १५५ पत्रिका द्याव्या लागतात. ५५ टक्क्यांसाठी सहाशेच्या वर. नाणेफेकीपासूनचे अंतर निम्मे झाले की नमुना चौपट लागतो, हा इथला नियम. हौसेखातर भाग घेणारा माणूस सहाशे पत्रिका बसून वाचील, ही अपेक्षा करण्यात अर्थ नाही. नेमक्या याच ठिकाणी संशोधकांना मोह होतो. उपलब्ध नमुना ४० आहे ना, मग ‘आम्ही ७० टक्के गृहीत धरले’ असे लिहून टाकायचे. आधी परिणाम ठरवून त्यावरून नमुना काढायचा, त्याऐवजी खिशात मावणाऱ्या नमुन्यावरून परिणाम ठरवायचा. वैद्यकीय प्रबंधांतही हा उलटा हिशोब होतो. कोणताही अभ्यास वाचताना ‘हा आकडा कुठून आणला?’ हे विचारायचे, ते यासाठी.

कुठला आकडा न्याय्य म्हणायचा?

एक सरळ मार्ग म्हणजे दावा करणाऱ्यांनाच विचारणे. अमेरिकेत शॉन कार्लसन यांनी केलेली चाचणी १९८५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाली. तीत एका पत्रिकेसमोर व्यक्तिमत्त्वाची तीन वर्णने ठेवली जात आणि त्यातले खरे ओळखायचे असे. निव्वळ नशिबाने एकतृतीयांश उत्तरे बरोबर येणार. ज्योतिषांनी आधीच सांगितले होते की, किमान निम्मी तरी बरोबर येतील. ११६ पत्रिकांचा निकाल एकतृतीयांशाच्या आसपासच राहिला. निम्म्याचा दावा खरा असता, तर तेवढ्या पत्रिकांत तो न दिसण्याची शक्यता फारच थोडी होती. त्या चाचणीच्या विश्लेषणावर पुढे वाद झाले, पण गृहीत परिणाम मनाने काढलेला होता, असा आक्षेप तिच्यावर घेता येत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे तो परिणाम किती असला तर व्यवहारात उपयोगाचा, हे पाहणे. लग्न जुळवताना किंवा मुलाची शाखा निवडताना पत्रिका दाखवणारे कुटुंब ५२ टक्के अचूकतेसाठी दक्षिणा देत नाही. त्या अर्थाने ७० टक्क्यांची अपेक्षा अवाजवी नाही. पुण्याच्या चाचणीत तर तुलनाही दोन टोकांची होती. वर्गातला हुशार मुलगा आणि बौद्धिक अक्षमता असलेले मूल यांच्यात फरक इतका मोठा आहे की, पत्रिकेत बुद्धीची खूण असेल, तर ती इथे सर्वाधिक ठळक दिसायला हवी. म्हणून मोठा परिणाम गृहीत धरणे या रचनेला शोभते. हीच चाचणी ६० टक्के आणि ७५ टक्के गुण मिळवणाऱ्या मुलांवर घेतली असती, तर तोच आकडा गृहीत धरणे बेफिकिरीचे ठरले असते.

म्हणजे ६० टक्क्यांचा दावा शाबूत राहिला?

एकेका ज्योतिषापुरते पाहिले, तर ‘तुमच्याकडे ६० टक्क्यांचे कसब नाही’ असे ४० पत्रिकांवरून ठामपणे म्हणता येत नाही. इथे विरोधकांचा आक्षेप बरोबर आहे. पण चाचणी एकाची नव्हती. २७ जणांपैकी प्रत्येकाकडे खरोखर ६० टक्क्यांचे कसब असते, तर तीनात एक या हिशोबाने आठ-नऊ जण २६च्या पलीकडे जायला हवे होते. एकही गेला नाही. इतकेच नव्हे, २७ जणांनी नुसती नाणी उडवली असती, तरी तीन-चार जणांना २४ किंवा त्याहून जास्त मिळाले असते. इथे ते एकालाच मिळाले.

याच कारणाने एखाद्याला २६ मिळाले असते, तरी उडी मारण्याची गरज नव्हती. २७ जणांत निदान एकाला केवळ नशिबाने २६ गाठता येण्याची शक्यता जवळपास दोनतृतीयांश आहे. इतके उमेदवार असताना रेषा वर, साधारण ३०वर न्यावी लागते. मात्र रेषा वर गेली की सामर्थ्य घटते. ७० टक्क्यांचा माणूसही मग तीनपैकी जेमतेम एकदाच पास होतो. एका हाताने घेतलेली खात्री दुसऱ्या हाताने द्यावी लागते, आणि शोधनिबंधात बहुतेकदा या दोहोंतली एकच बाजू लिहिलेली असते.

सगळ्यांची उत्तरे एकत्र केली तर नमुना १,०८० होतो, आणि तेवढ्यात ५५ टक्क्यांचे कसबही ९५ टक्के खात्रीने सापडावे. पण हा आकडा फसवा आहे. मूळ पत्रिका २००च होत्या. सरासरीने प्रत्येक पत्रिका पाच जणांकडे गेली. ते पाचही जण बुध-गुरूची तीच स्थिती, पंचम स्थानाचे तेच नियम पाहत असतील, तर त्यांचे मत पाच स्वतंत्र मते ठरत नाहीत. एका चुकीची ती पाच प्रतिबिंबे असतात. सर्वांचे नियम अगदी एकसारखे असतील, तर खरा नमुना २००च्या जवळ येतो आणि ५५ टक्के सापडण्याची शक्यता ३६ टक्क्यांवर घसरते. खरे सामर्थ्य या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे. ‘हजारावर निरीक्षणे’ असे वाक्य दिसले की ती एकमेकांपासून किती स्वतंत्र आहेत, हे शोधायचे. गळतीकडेही पाहायचे. ५१पैकी २४ जणांनी उत्तरेच दिली नाहीत, आणि न देणारे अधिक कुशल होते की अधिक साशंक, हे उरलेल्यांच्या गुणांवरून कळत नाही.

या सगळ्यात सर्वांत स्वच्छ पुरावा त्या संस्थेचा आहे, कारण तिथे पत्रिका दोनशे आणि निर्णय देणारा एकच. ६० टक्क्यांचे कसब असते, तर ही चाचणी ते ८० टक्क्यांहून अधिक खात्रीने पकडू शकली असती. निकाल आला ५१ टक्के. निकाल लागल्यावर मात्र पुन्हा सामर्थ्य मोजत बसण्यात अर्थ नसतो. मिळालेला ५१चा आकडाच ‘खरा परिणाम’ धरून सामर्थ्य काढले, तर ते अगदी कमी येणारच. नकारात्मक निकाल आला की ‘नमुनाच लहान होता’ म्हणायला ही पळवाट वापरली जाते. त्याऐवजी त्या निकालाशी कोणकोणती कसबे जुळतात, हा पल्ला पाहावा. १०२ बरोबर उत्तरांवरून तो साधारण ४४ ते ५८ टक्के येतो. म्हणजे ७० आणि ६० दोन्ही त्याच्या बाहेर गेले. ५५ अजून आत आहे. पण मग त्याबरोबर ४५ही आत आहे, आणि पत्रिका पाहून नाणेफेकीपेक्षा जास्त चुकणे हेही त्या संस्थेच्या बाबतीत शक्य राहते.