आधी यादी, मग किल्ली

सकाळी ६.३०

दुर्गाघाटावरच्या आमच्या वाड्यातून निघालो की मैदागिनपर्यंत पायीच जावं लागतं. त्या गल्ल्यांत रिक्षा शिरत नाही. तिथून ई-रिक्षानं दुर्गाकुंड. काशीतली बरीच जुनी मराठी कुटुंबं आता पुण्याला, नागपूरला राहतात, त्यांची इथली घरं मी सांभाळतो. आजचा फ्लॅट दोन खोल्यांचा, सामानासह दिलेला. भाडं १८ हजार, डिपॉझिट ३६ हजार. २०२१च्या उत्तर प्रदेश नगरीय परिसर किरायेदारी कायद्यानं राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेता येत नाही. सकाळी जुना भाडेकरू घर सोडतोय, संध्याकाळी नवी मंडळी येताहेत.

सकाळी ७.३०

भाडेकरू बीएचयूत शिकणारा डॉक्टर, मूळचा अकोल्याचा. रात्रपाळी करून आलेला, तरी चहा त्यानंच केला. मी यादी काढली. गेल्या जुलैत मालकांनी घाईत स्वतः लिहिलेली आहे: "सोफा १, जेवणाचं टेबल १, गिझर १ (चालू), इन्व्हर्टर-बॅटरी १ (चालू)." वस्तू किती होत्या ते यातून कळतं, कशा होत्या ते कळत नाही. आणि भांडण नेहमी 'कशा'वरून होतं.

इन्व्हर्टरपासून सुरुवात केली, कारण बॅटरीची परीक्षा वीज असताना होत नाही. मेन स्विच पाडला, दोन पंखे आणि दोन दिवे चालू ठेवले. अर्ध्या तासातच इन्व्हर्टर कुरकुरायला लागला. मालकांचा पहिला संशय भाडेकरूवर असणार, हे मला ठाऊक. म्हणून बॅटरीच्या टोप्यांवरची तरंगणारी निशाणी पाहिली. पाणी घालायचं राहून गेलं तर आतल्या पट्ट्या उघड्या पडतात आणि बॅटरी अकाली मरते. तो भुर्दंड राहणाऱ्याचा. इथं सगळ्या निशाण्या खुणेच्या वर होत्या, डिस्टिल्ड वॉटरचा कॅन शेजारीच होता. वॉरंटी कार्डावर खरेदी २०२०ची. म्हणजे बॅटरी वयानं थकली. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ सांगतं की भाडेकरूनं घर घेतलं तसं परत करावं, पण वाजवी वापरानं होणारी झीज त्याच्या माथी नाही. बॅटरी मालकांकडे.

सकाळी ९

गिझर. जूनच्या उकाड्यात गिझर लावलेला पाहून डॉक्टर हसला. पण काशीतल्या याद्या इथंच फसतात. उन्हाळ्यात घर दिलं की गिझर कुणी लावून बघत नाही, थंडीत दिलं की एसी. मग 'चालू' हा शब्द नुसता कागदावर राहतो. वीस मिनिटं झाली तरी पाणी गार. मिस्त्रीनं खालचं झाकण उघडलं आणि एलिमेंट बाहेर काढलं. त्यावर पांढऱ्या क्षारांचा बोटभर जाड थर, आणि थराखाली नळी एका जागी तडकलेली.

"भैया, ये एक जाड़े का काम नहीं है," तो म्हणाला.

बोअरच्या जड पाण्यानं असा थर साचतो, उष्णता पाण्यात न जाता एलिमेंटमध्येच कोंडते आणि ते फुटतं. आता जबाबदारी कुणाची? २०२१च्या किरायेदारी कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत गिझर, नळ, स्विच यांची दुरुस्ती भाडेकरूकडे दिली आहे. वायरिंग, पाइप बदलणं आणि रंगसफेदी मालकाकडे. करारात वेगळं ठरवलं असेल तर ते चालतं, पण या करारात त्याबद्दल ओळ नाही. त्या न्यायानं पूर्ण खर्च डॉक्टरचा. पण एवढा थर अकरा महिन्यांत बसत नाही, आणि घर देताना गिझर साफ केल्याची नोंद यादीत नाही. एलिमेंट आणि थर्मोस्टॅट मिळून १,४०० रुपये. निम्मे-निम्मे करायचं ठरलं.

सकाळी १०.३०

सोफा भिंतीला टेकलेला. पाठीमागचं कापड काळवंडलेलं, हात लावला तर दमट. पुढची बाजू मात्र कोरडी ठणठणीत. पाणी सांडलं असतं तर डाग बसायच्या जागेवर दिसला असता. सोफा ओढला तर मागं भिंतीवर तेवढ्याच उंचीचा फुगवटा, आणि भिंतीपलीकडे बाथरूम. पाइप गळतोय. डॉक्टरनं मोबाइल काढून दाखवला: ऑगस्टमध्ये मालकांना ओलीचा फोटो पाठवला होता. कळवलं नसतं तर वाढलेल्या नुकसानीत त्याचाही वाटा धरावा लागला असता. तो फोटोच त्याच्या कामी आला. पाइप मालकांचा, म्हणून सोफाही मालकांचा.

टेबलावर मात्र कुकरच्या बुडाएवढं पांढरट वर्तुळ. पॉलिश भाजलंय. "काका, हे माझंच," तो आपणहून म्हणाला.

दुपारी १२.३०

मालकांना पुण्याला फोन. टेबलाचं ऐकून ते तापले: "सोळा हजारांचं सागवानी टेबल आहे ते! नवं घ्यायचे पैसे कापा."

मी बिल वाचून दाखवलं, खरेदी २०१९ची. सात वर्षं वापरलेलं टेबल जाऊन त्याच्या पैशानं नवं आलं, तर ती भरपाई राहत नाही, मालकांना नफा होतो. टेबल पूर्वीच्या स्थितीत आणण्याइतकाच खर्च मागता येतो. सुतारानं वरची फळी घासून पॉलिश करायचे १,८०० सांगितले. तुटलेलं टेबल दुरुस्तच होणार नसतं, तर उरलेल्या आयुष्याच्या हिशेबानं किंमत धरली असती, पूर्ण तेव्हाही नाही. मालक थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "बरं, लिहा."

टेबल १,८००, गिझरचे ७००, एकूण २,५००. डिपॉझिटमधून परत ३३,५००. वीजमीटरचा आकडा लिहून दोघांच्या सह्या झाल्या. तोंडी हिशेबानं किल्ली मी घेत नाही. ऐकलंच नाही कुणी, तर भाडे प्राधिकरणाकडे जाता येतं, पण तिथंही हाच कागद विचारतात.

दुपारी ४.३०

मिस्त्रीनं नवं एलिमेंट बसवलं. पाइपसाठी प्लंबर उद्या येणार. तोवर सोफा मधल्या खोलीत. आता नवी यादी. गिझरपुढे लिहिलं: कंपनी, अनुक्रमांक, एलिमेंट आज बदललं, वीस मिनिटांत पाणी गरम, क्षार साफ करणं वर्षातून एकदा, खर्च मालकाचा. टेबलापुढे: "कुकरचा डाग, पॉलिश व्हायचं आहे." सोफ्यापुढे: "पाठ ओलीनं खराब, जुनं." आधीचा दोष लिहिला की तो नव्या माणसाच्या नावावर जात नाही, आणि न लिहिलेला उद्या त्यानं जुना म्हणून सांगितला तर मला ऐकावं लागत नाही. गच्चीवर टाकीच्या झाकणाला दोरी बांधलेली पाहिली. माकडं झाकण उचलतात, पाइप मोडतात. ते नुकसान कुणाचं, हेही करारात वेगळं लिहून घेतलं: मालकाचं, पण दोरी बांधायचं काम राहणाऱ्याचं.

संध्याकाळी ६.३०

नवं जोडपं आलं. मी एकेक वस्तू त्यांच्याकडूनच चालू करवून घेतली: त्यांनी बटण दाबायचं, त्यांनीच मोबाइलवर चित्रण करायचं. बाईंनी फ्रिजच्या दाराचं रबर सैल असल्याचं दाखवलं, ते माझ्या नजरेतून सुटलं होतं. यादीत भरलं. मग सात दिवसांची मुदत लिहिली: या काळात आणखी काही दोष सापडला तर कळवावा, तो जुना धरला जाईल. प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या, एक प्रत त्यांच्याकडे, एक पुण्याला. एसी लावून पाहिला, चालला. गिझरही परत एकदा लावून पाहिला, मगच किल्ली दिली.