पाच पुड्या, तीन सुगंध : गट पाडण्याचे प्रकार किती?

जपानमध्ये ‘गेंजी-को’ नावाचा एक जुना खेळ आहे. पाच सुगंधांच्या प्रत्येकी पाच, अशा २५ पुड्या एकत्र मिसळतात आणि त्यातल्या कोणत्याही पाच एकामागून एक जाळतात. सुगंधाचं नाव ओळखायचं नसतं. कोणत्या पुड्या एकसारख्या होत्या, एवढंच सांगायचं. म्हणजे पाच पुड्यांचे गट पाडायचे.

समजा, पाच पुड्यांमध्ये नेमके तीन सुगंध निघाले. मग उत्तरं किती प्रकारची असू शकतात?

बरेच जण असा हिशोब करतात : प्रत्येक पुडीला तीन पर्याय, म्हणून ३×३×३×३×३ = २४३. सुगंधांच्या नावांना महत्त्व नाही आणि तीन नावं सहा प्रकारे अदलाबदल होतात, म्हणून भागिले ६. उत्तर येतं ४०.५. आता अर्धा प्रकार कुठून आला? इथेच चूक पकडली जाते. २४३ मध्ये एकच किंवा दोनच सुगंध वापरलेले प्रकारही आले आहेत, म्हणजे एखादा गट रिकामा राहिला आहे. असे ९३ प्रकार वगळले की उरतात १५०. त्याला ६ ने भागलं की २५. हेच बरोबर उत्तर.

याहून सोपी वाट म्हणजे फक्त पाचव्या पुडीकडे बघणं. तिच्यापुढे दोनच शक्यता असतात.

पहिली, ती एकटीच वेगळी. मग उरलेल्या चार पुड्यांचे दोन गट हवेत. एक-तीन अशी विभागणी ४ प्रकारे होते आणि दोन-दोन अशी ३ प्रकारे. एकूण ७.

दुसरी, ती आधीच्या एखाद्या गटात जाते. मग चार पुड्यांचे तीन गट आधीच हवेत, म्हणजे एक जोडी आणि दोन एकट्या. जोडी ६ प्रकारे निवडता येते. पाचवी पुडी तीनपैकी कोणत्याही गटात बसेल, म्हणून ६×३ = १८.

७ + १८ = २५.

हाच नियम सूत्रात असा लिहितात :

S(n, k) = S(n−1, k−1) + k × S(n−1, k)

यात n म्हणजे वस्तू आणि k म्हणजे गट. या संख्यांना ‘दुसऱ्या प्रकारच्या स्टर्लिंग संख्या’ म्हणतात. हे नाव स्कॉटलंडचे गणिती जेम्स स्टर्लिंग यांच्यावरून पडलं. त्यांचा या विषयावरचा ग्रंथ १७३० साली आला.

एक लक्षात ठेवा : गटांना नावं नसतील तरच ही संख्या चालते. पाच जणांना चहा, नाश्ता आणि सजावट अशी तीन ठरलेली कामं वाटायची असतील, प्रत्येकाला एकच काम आणि एकही काम रिकामं नको, तर २५ नव्हे, १५० हेच उत्तर.

पुन्हा खेळाकडे येऊ. एक ते पाच गटांसाठी अनुक्रमे १, १५, २५, १० आणि १ प्रकार मिळतात. बेरीज ५२. गेंजी-कोमध्ये उत्तरासाठी नेमक्या ५२ आकृत्या आहेत. ‘गेंजी मोनोगातारी’ या कादंबरीची प्रकरणं ५४, म्हणून पहिलं आणि शेवटचं सोडून उरलेल्या प्रकरणांची नावं या आकृत्यांना दिली आहेत.