पाठीमागची कुजबुज आणि तोंडावरची टर

२० डिसेंबर २०१४ च्या संध्याकाळी मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सुमारे चार हजार माणसे तिकीट काढून आली होती, ती रणवीर सिंग आणि अर्जुन कपूर या दोन नटांचा भर मंचावर होणारा उद्धार ऐकायला. सूत्रधार होता करण जोहर. विनोदवीरांची रांग मागे बसलेली आणि एकेक जण माइकसमोर येऊन या दोघांचे दिसणे, त्यांचे सिनेमे, त्यांची प्रेमप्रकरणे यांवर घरात उच्चारता येणार नाही असे काहीबाही बोलत होता. दोघे नट खुर्चीत लोळून हसत होते. पुढच्या महिन्यात एआयबी या विनोदी गटाचा ‘एआयबी नॉकआउट’ हा रोस्ट यूट्यूबवर आला, गहजब झाला, फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्याचे व्हिडिओ काढून टाकण्यात आले आणि न्यायालयाच्या आदेशावरून मुंबईत गुन्हाही दाखल झाला.

चर्चा झाली ती अश्लीलतेची. पण त्या संध्याकाळने आणखी एक गोष्ट समोर ठेवली होती. त्यातले एखादे वाक्य कुणी एखाद्या पार्टीत, रणवीर किंवा अर्जुन तिथे नसताना हळूच बोलले असते आणि ते नंतर त्यांच्या कानावर गेले असते, तर मैत्री तुटली असती. शब्द तेच, विषय तोच, बोलणाराही तोच. तरी एका ठिकाणी हशा आणि दुसऱ्या ठिकाणी घाव. हा फरक नेमका कुठून येतो, हे रोस्टची रचना पाहिली की कळते.

रोस्ट ही अमेरिकी मनोरंजन व्यवसायातली जुनी रीत आहे. न्यूयॉर्कमध्ये १९०४ मध्ये स्थापन झालेल्या फ्रायर्स क्लबने ती नावारूपाला आणली. पुढे १९७४ ते १९८४ या काळात डीन मार्टिनच्या कार्यक्रमाने ती टीव्हीवरून घराघरांत नेली. तिचा साचा ठरलेला असतो. ज्याची टर उडवायची तो उत्सवमूर्ती. त्याच्या होकाराशिवाय कार्यक्रमच होत नाही. टर उडवणारे एकामागून एक येतात, पण ते फक्त उत्सवमूर्तीलाच धरत नाहीत, शेजारी बसलेल्या सहकाऱ्यांचीही तितकीच खेचतात. त्यामुळे मंचावरचा प्रत्येक जण कधी ना कधी निशाण्यावर असतो. सर्वांत शेवटी माइक उत्सवमूर्तीच्या हाती जातो आणि मग त्याने सगळ्यांचा हिशेब चुकता करायचा असतो. वरळीलाही शेवटी रणवीर आणि अर्जुन माइकवर आले आणि त्यांनी परतफेड केली.

या साच्यात ज्याची थट्टा होते त्याच्या हाती तीन गोष्टी असतात. बोलले जाते ते सगळे त्याला ऐकू येते. त्याला उत्तर देता येते. आणि कुठे थांबायचे हे त्याला आधी सांगता येते. अमेरिकेत २०११ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांचा रोस्ट झाला. त्यांच्या केसांवर, लग्नांवर, दिवाळखोरीवर विनोद चालले, मात्र आपण सांगतो त्यापेक्षा आपली संपत्ती कमी आहे, असे कुणी म्हणायचे नाही ही त्यांची अट होती, असे त्या कार्यक्रमातल्या विनोदवीरांनी नंतर सांगितले. म्हणजे जे उघड आहे, ज्याच्यासोबत माणूस चारचौघांत वावरतोच आहे, त्यावर रोस्ट चालतो. जे झाकलेले आहे ते बाहेर ठेवले जाते. कुजबुजीला रस असतो तो नेमका या झाकलेल्या भागात.

कुजबुजीकडे वळताना एक गैरसमज आधी दूर करायला हवा. अमेरिकेतल्या मेगन रॉबिन्स आणि अलेक्झांडर कारन या संशोधकांनी २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ४६७ जणांच्या अंगावर लहान ध्वनिमुद्रक होते आणि दिवसभरातले बोलण्याचे तुकडे त्यावर टिपले गेले. समोर नसलेल्या माणसाविषयीचे कोणतेही बोलणे त्यांनी गॉसिप मानले. सरासरी माणूस दिवसाकाठी सुमारे ५२ मिनिटे असे बोलतो, असे दिसले. पण त्यातले जवळपास तीन चतुर्थांश बोलणे ना चांगले ना वाईट असे होते: अमक्याची बदली झाली, तमकीच्या मुलीला प्रवेश मिळाला. उरलेल्या भागात नावे ठेवणे हे कौतुकापेक्षा जास्त होते, तरी एकूण बोलण्यात त्याचा वाटा लहानच होता. गैरहजर माणसाविषयी बोलणे म्हणजे चहाडी, असे सरसकट म्हणता येत नाही. ज्याला साहेबासमोर तोंड उघडता येत नाही, असा कारकून जेवणाच्या सुट्टीत नव्या सहकाऱ्याला सावध करतो, तेही पाठीमागचे बोलणेच असते आणि ते त्या नव्याच्या उपयोगाचे असते.

प्रश्न उरतो तो पाठीमागच्या टिंगलीचा. तिच्यात वर सांगितलेल्या तिन्ही गोष्टी नसतात. चूक असेल तर ती दुरुस्त करणारा माणूस तिथे नसतो, म्हणून गोष्ट चार तोंडांतून जाताना वाढत जाते. समोरच्याला किती लागले हे हसणाऱ्यांना दिसत नाही, म्हणून कुठे थांबायचे ते समजत नाही. तिचा फायदाही वेगळ्याच लोकांना होतो: तिऱ्हाइताची खिल्ली उडवताना दोघे एकमेकांच्या जवळ येतात. ज्याच्यावर हसले त्याचा या जवळिकीत काही वाटा नसतो. तोंडावरच्या थट्टेत मात्र जवळीक व्हायचीच असेल तर ती त्याच्याशीच होते.

हे जुन्या समाजांनी ओळखले होते. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ ए. आर. रॅडक्लिफ-ब्राउन याने १९४० मध्ये ‘थट्टेची नाती’ या विषयावर एक निबंध लिहिला. काही नात्यांत एकाला दुसऱ्याची चेष्टा करण्याची मुभा असते, कधी तर ती करावीच लागते, आणि दुसऱ्याने राग मानायचा नसतो, असे त्याने दाखवले. ही मुभा बहुधा अशा नात्यांत दिसते, जिथे माणसे लग्नामुळे जोडली जातात आणि त्यांचे हितसंबंध जुळतातही आणि भिडतातही. मराठी घरांत धाकटा दीर आणि भावजय, मेव्हणी आणि भावोजी यांची थट्टा याच जातीची. सासऱ्याची थट्टा सुनेने करायची नाही, पण भावोजींचे बूट लपवून पैसे उकळायचे, हे सगळ्यांना ठाऊक असते. तिथे कुणाची परवानगी मागावी लागत नाही, कारण ती नात्यातच दिलेली असते.

परवानगी किंवा नाते नसले की तोंडावरची थट्टाही कशी फसते, याचे ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकी विनोदी नट चेव्ही चेसचा २००२ चा रोस्ट. तो फ्रायर्स क्लबनेच ठेवला होता. पण चेसबरोबर उमेदीच्या काळात काम केलेल्या नामवंत मित्रांपैकी बहुतेक जण आलेच नाहीत. मंचावर भरणा होता तो त्याला फारसे न ओळखणाऱ्या तरुण विनोदवीरांचा. मित्र जेव्हा खेचतो तेव्हा त्यामागे एकत्र काढलेल्या दिवसांचा आधार असतो. अनोळखी माणसाकडे तो नसतो. या तरुणांकडे चेसविषयी होते ते ऐकीव: तो संपला, तो कुणाला आवडत नाही, तो उद्धट आहे. व्यवसायात पाठीमागे जे बोलले जात होते, तेच त्या रात्री त्याच्या तोंडावर ऐकवले गेले. काळा चष्मा लावून चेस बसून राहिला. तो फारसा हसला नाही आणि त्या रात्रीने आपल्याला दुखावल्याचे त्याने पुढे सांगितलेही. माणूस समोर हजर होता, त्याचा होकारही होता, शेवटी त्याला माइकही मिळाला. नव्हती ती फक्त ओळख.

वरळीच्या कार्यक्रमातही भेग पडली ती अशाच जागी. रणवीर, अर्जुन आणि करण यांनी तक्रार केली नाही. विनोदांच्या ओघात काही शेरे ख्रिस्ती धर्मश्रद्धांवरही गेले होते आणि एआयबीला बिनशर्त माफी मागावी लागली ती मुंबईतल्या ख्रिस्ती समाजाची. हा समाज खुर्चीवर बसलेला नव्हता, त्याने होकार दिलेला नव्हता आणि त्याला शेवटी माइकही मिळणार नव्हता. त्याच्यापुरती ती समोरची थट्टा नव्हतीच.

ओळख असली तरी बरोबरी लागते. डॅकर केल्टनर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यार्थी संघटनेतल्या तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटात चौघे: दोन जुने, दोन नवखे. प्रत्येकाने इतरांना टोपणनाव द्यायचे आणि ते का दिले याची गोष्ट सांगायची. जुन्यांनी नवख्यांची केलेली थट्टा जास्त झोंबरी होती. नवखे मात्र जुन्यांची चेष्टा करताना तिच्यात कौतुक पेरत होते. चांगल्या थट्टेला काही खुणा असतात: आवाज बदललेला, अतिशयोक्ती इतकी की कुणी खरे मानू नये, डोळा मिचकावणे. या खुणांवरून ऐकणाऱ्याला कळते की हे शब्दशः घ्यायचे नाही. त्या गळल्या की उरतो तो टोमणा. ‘अरे, मी गंमत करत होतो’ हे वाक्य नंतर जोडून त्या भरून निघत नाहीत, कारण बोलणाऱ्याचा हेतू बोलणाऱ्यालाच माहीत असतो आणि ऐकणाऱ्याच्या वाट्याला फक्त शब्द येतात.

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांनी रोस्ट आणि कुजबुज या दोन्हींची एक मिश्र जात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे, ती म्हणजे स्नेहसंमेलनातला फिशपॉन्ड. पेटीत निनावी चिठ्ठ्या पडतात, बहुधा एखाद्या गाण्याच्या ओळीसारख्या, आणि त्या ज्याच्या नावे असतात तो सभागृहात बसलेला असताना मंचावरून वाचल्या जातात. ऐकणारा समोर आहे, सगळ्यांसमोर हसायचे आहे, इतके रोस्टसारखे. पण लिहिणारा लपलेला आहे आणि उत्तराची सोय नाही, इतके कुजबुजीसारखे. म्हणूनच वर्गातल्या सर्वांना चिमटा काढणाऱ्या चिठ्ठीवर हास्याचा फवारा उडतो आणि एकाच मुलीच्या रंगावर किंवा चालीवर सलग चार चिठ्ठ्या निघाल्या की ती पुढच्या वर्षी संमेलनाला येत नाही. चांगले आयोजक चिठ्ठ्या आधी वाचून चाळतात. दिसण्यावरच्या, जातीवरच्या, जोड्या लावणाऱ्या काढून टाकतात, प्राध्यापकांच्या नावाच्या चिठ्ठ्याही ठेवतात आणि एकाच नावाच्या फार होऊ देत नाहीत.

या चाळणीमागे आता कायदाही आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंग प्रतिबंध कायद्याने रॅगिंगच्या व्याख्येत मारहाण आणि धमकीबरोबर चिडवणे आणि चेष्टा हेही धरले आहे आणि दोषी ठरल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वसतिगृहात मध्यरात्री पाच सीनियर एका नवख्याला उभे करून त्याच्या बोलीची नक्कल करतात, तेव्हा तेही तोंडावरच बोलत असतात. पण तो नको म्हणू शकत नाही, उलट बोलू शकत नाही आणि उठून जाऊ शकत नाही. म्हणून तक्रार आली की चौकशी करणाऱ्या समितीने ‘गंमतच होती’ या खुलाशापाशी थांबू नये. त्या खोलीतून बाहेर पडण्याची मोकळीक त्या मुलाला होती का, हे आधी विचारावे.